तीनशे रुपयांचे वॉरंट आणि शंभर शेअर

लाभांशाचे वॉरंट दिसायला चेकसारखेच असते. खाली चुंबकीय शाईतले आकडे, मधे रक्कम, एका कोपऱ्यात फोलिओ नंबर आणि वॉरंट नंबर. फरक कळतो तो ज्या खात्यावर ते काढलेले असते त्या खात्याच्या नावात. कंपनीच्या नावापुढे ‘डिव्हिडंड अकाउंट’ असे शब्द आणि वर्ष छापलेले असते. म्हणजे हा पैसा कंपनीच्या रोजच्या चालू खात्यातून निघत नाही. प्रत्येक वर्षाच्या लाभांशाचे वेगळे खाते असते, आणि पुढे जे काही घडते ते या वेगळेपणामुळेच घडते.

आधी साध्या चेकचे काय होते ते पाहू. कंपनीने एखाद्या पुरवठादाराला चेक दिला आणि त्याने तो भरलाच नाही, तर तीन महिन्यांनी तो बाद होतो. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2012 पासून ती तीन महिन्यांवर आणली. चेक बाद झाला तरी देणे संपत नाही. पैसे कंपनीच्या चालू खात्यातच पडून असतात, म्हणून हिशेबनीस उलटी नोंद करून ती रक्कम पुन्हा देण्यांमध्ये दाखवतो आणि पुरवठादाराने मागितले की नवा चेक निघतो. बरीच वर्षे कोणी फिरकलेच नाही तर कंपनी ती रक्कम उत्पन्नात घेऊ शकते. लाभांशाच्या बाबतीत हा शेवटचा रस्ता बंद आहे. न वटलेला लाभांश कंपनीला कधीही स्वतःकडे वळवता येत नाही.

कंपनी कायदा 2013 चे कलम 124 इथे लागू होते. ते कसे चालते हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एका गृहस्थांकडे एका जुन्या कंपनीचे 100 शेअर कागदी स्वरूपात आहेत. 12 सप्टेंबर 2017 च्या वार्षिक सभेत कंपनीने 2016-17 साठी शेअरमागे 3 रुपये लाभांश जाहीर केला. पाच दिवसांच्या आत, म्हणजे 17 सप्टेंबरपर्यंत, लाभांशाची सगळी रक्कम वेगळ्या बँक खात्यात गेली. 20 सप्टेंबर तारखेचे 300 रुपयांचे वॉरंट पोस्टाने निघाले. गृहस्थ दोन वर्षांपूर्वी दादरची जागा सोडून मुलाकडे डोंबिवलीला गेले होते आणि पत्ता बदलल्याचे कंपनीला कळवायचे राहून गेले होते. वॉरंट त्यांच्या हाती पडलेच नाही.

सभेपासून तीस दिवस 12 ऑक्टोबरला संपले. त्यानंतर सात दिवसांत, 19 ऑक्टोबरपर्यंत, कंपनीने न दिलेली सगळी रक्कम ‘अनपेड डिव्हिडंड अकाउंट’मध्ये वळवली. हे खाते अनुसूचित बँकेतच लागते. तिथून नव्वद दिवसांच्या आत कंपनीला भागधारकांची नावे, शेवटचे ज्ञात पत्ते आणि रकमा यांची यादी तयार करून संकेतस्थळावर टाकावी लागते. रक्कम वेळेत न वळवणाऱ्या कंपनीला 12 टक्के व्याज भरावे लागते आणि ते व्याज कंपनीकडे न राहता त्या भागधारकांना मिळते. वॉरंटची मुदत इकडे डिसेंबरात संपली. वॉरंट बाद झाले तरी पैशावरचा हक्क तसाच राहिला. मुदत संपलेले वॉरंट किंवा साधा अर्ज कंपनीच्या रजिस्ट्रारकडे पाठवला असता तर त्याच खात्यातून रक्कम पुन्हा मिळाली असती. ही सोय पुढची सात वर्षे होती.

या खात्याचा ताळमेळ कंपनीतल्या कोणाला तरी सतत जुळवावा लागतो. बँकेतली शिल्लक आणि न वटलेल्या वॉरंटांच्या यादीची बेरीज रुपयाला रुपया जुळली पाहिजे. ती बिघडते ती बहुधा किरकोळ कारणांनी. बँक आपले शुल्क याच खात्यातून कापून घेते. किंवा बाद वॉरंटाच्या बदल्यात डिमांड ड्राफ्ट काढला जातो, त्या क्षणी खात्यातून पैसे जातात आणि यादीतले नाव ‘दिले’ म्हणून खोडले जाते, पण ड्राफ्टही जुन्याच पत्त्यावर जाऊन परत येतो. तो रद्द करून रक्कम पुन्हा खात्यात भरली नाही, तर कागदोपत्री त्या माणसाला पैसे मिळालेले असतात आणि प्रत्यक्षात ते बँकेच्या ड्राफ्ट खात्यात अडकलेले असतात. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत घातक दोष हाच, कारण संकेतस्थळावरच्या यादीत मग त्या माणसाचे नावच दिसत नाही. आपल्याला लाभांश मिळालेला नाही याची खात्री असेल आणि तरी यादीत नाव नसेल, तर रजिस्ट्रारला त्या वॉरंटाची वटल्याची तारीख लेखी विचारावी. नुसते ‘दिले आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये.

वाचकालाही ही रक्कम कंपनीच्या ताळेबंदात सापडते. देण्यांच्या बाजूला न दिलेला लाभांश, आणि बँक शिल्लकेच्या टिपणात त्यासाठी राखून ठेवलेली शिल्लक. लेखापरीक्षकालाही आपल्या अहवालात स्पष्ट लिहावे लागते की पुढे निधीकडे रक्कम पाठवण्यात कंपनीने उशीर केला की नाही.

हा निधी म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधी, सर्वत्र आयईपीएफ म्हणून ओळखला जाणारा. तो केंद्राच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाखाली येतो. ‘अनपेड’ खात्यात रक्कम वळवल्यापासून सात वर्षे झाली की ती या निधीत जाते. आपल्या उदाहरणात ही सात वर्षे 19 ऑक्टोबर 2024 ला संपली, आणि तिथून तीस दिवसांत 300 रुपये निधीत जमा झाले. 1956 च्या जुन्या कायद्यात 1999 च्या दुरुस्तीनंतर निधीत गेलेल्या पैशावर भागधारकाला दावाच करता येत नसे, तो कायमचा गेला. 2013 च्या कायद्याने हा अन्याय दूर केला. आता दावा करता येतो, जुन्या कायद्याखाली गेलेल्या रकमांसाठीही करता येतो, आणि त्याला कालमर्यादा नाही.

पण 300 रुपये गेले ही यातली छोटी गोष्ट. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की ज्या शेअरांवरचा लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतला नाही, ते शेअरही निधीत जातील. या गृहस्थांनी 2016-17 नंतरचाही एकही लाभांश घेतला नव्हता. त्यामुळे 300 रुपयांच्या मागोमाग त्यांचे 100 शेअर निधीच्या डीमॅट खात्यात गेले. शेअरचा भाव 850 रुपये धरला तर हे 85,000 रुपये झाले. कागदी शेअरांसाठी कंपनी भागधारकाच्या नावाचे दुसरे प्रमाणपत्र काढते, ते डीमॅट करून निधीकडे देते, आणि मूळ प्रमाणपत्र आपोआप रद्द होते. घरात जपून ठेवलेला तो कागद मालकीचा राहत नाही. फक्त दाव्यासोबत जोडायचा पुरावा म्हणून उरतो. मतदानाचा हक्क गोठतो, आणि त्या शेअरांवर पुढे येणारा लाभांश किंवा बोनस थेट निधीत जमा होतो.

मधल्या वर्षांचे पैसे मात्र वेगळ्याच ठिकाणी असतात. 2017-18 पासूनचे लाभांश आपापल्या खात्यांत, आपापली सात वर्षे मोजत, कंपनीकडेच असतात. म्हणजे एकाच माणसाची एका वर्षाची रक्कम आणि शेअर निधीकडे, आणि बाकीच्या वर्षांच्या रकमा कंपनीकडे. वारसांना हे ठाऊक नसते. ते निधीकडे अर्ज करून मोकळे होतात आणि कंपनीकडचे पैसे मागायचे राहतात. तेही मग एकेक करून निधीत जात राहतात.

शेअर जाण्यापासून वाचवायला एकच लाभांश पुरतो. त्या सात वर्षांतला कोणताही एक लाभांश घेतला की साखळी तुटते. आपल्या गृहस्थांनी 2021 मध्ये फक्त 2019-20 चा लाभांश मागून घेतला असता, तर 2016-17 चे 300 रुपये निधीत गेले असते, पण 100 शेअर त्यांच्याच नावावर राहिले असते. म्हणून मागची सगळी वॉरंटे सापडेपर्यंत थांबू नये. जे सर्वांत सोपे असेल ते आधी घ्यावे, बाकीचे मागाहून. शेअर हलवण्यापूर्वी तीन महिने कंपनीला भागधारकाला पत्र पाठवावे लागते आणि इंग्रजी व प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रांत सूचना द्यावी लागते. मराठी वृत्तपत्रांत ‘भागधारकांना सूचना’ अशा मथळ्याखाली बारीक अक्षरांत येणारे अनेक मजकूर हेच असतात. नव्या पत्त्यावर पत्र येत नसेल तर तीच शेवटची घंटा.

आता कागदी शेअर असणाऱ्यांची अडचण आणखी वाढली आहे. सेबीच्या नियमांनुसार 1 एप्रिल 2024 पासून ज्या कागदी फोलिओत पॅन, संपर्काचा तपशील, बँक खाते आणि सही यांची नोंद पूर्ण नाही, त्यांना लाभांश मिळतच नाही. तो अडवून ठेवला जातो आणि नोंदी पूर्ण झाल्यावर थेट बँक खात्यात जमा होतो. पूर्वी निदान वॉरंट यायचे आणि हरवायचे. आता काहीच येत नाही, आणि सात वर्षांचे घड्याळ मात्र चालू राहते. त्यासाठी रजिस्ट्रारकडे आयएसआर-1 आणि आयएसआर-2 हे अर्ज भरावे लागतात. दुसऱ्या अर्जात बँकेकडून सही प्रमाणित करून घ्यायची असते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची सही आणि आजची थरथरती सही जुळत नाही, म्हणून हा अर्ज अडतो तो बहुतेकदा इथेच.

निधीकडून शेअर परत मिळवायचे तर आधी डीमॅट खाते हवे, कारण शेअर कागदावर परत मिळत नाहीत. प्रथम कंपनीकडून आपल्या नावावर किती शेअर आणि किती लाभांश निघतो याचे पत्र घ्यावे. मग मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आयईपीएफ-5 हा अर्ज भरायचा. एका कंपनीबाबत एका आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो, म्हणून शेअर आणि निधीत गेलेले सगळे लाभांश एकाच अर्जात घ्यावेत. अर्जाची प्रत, हमीपत्र, मूळ प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक आणि डीमॅट खात्याचा उतारा हे सगळे कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचे. दाव्याची तपासणी कंपनी करते आणि तिच्या अहवालावर निधीचे प्राधिकरण निर्णय घेते. त्यासाठी प्राधिकरणाला साठ दिवसांची मुदत आहे, पण कागदात त्रुटी निघाली की अर्ज परत येतो आणि महिने जातात.

त्रुटी निघते ती नावात. शेअरवर ‘व्ही. जी.’ आणि आधारवर पूर्ण नाव, लग्नापूर्वीचे आडनाव, किंवा दोन नावांच्या फोलिओतला एक माणूस हयात नसणे. भागधारक हयात नसेल तर आधी कंपनीकडे वारसाहक्काची कागदपत्रे मंजूर करून घ्यावी लागतात. शेअरांचे मूल्य मोठे असेल तर न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र किंवा मृत्युपत्राचे प्रोबेट लागते. आयईपीएफ-5 ला सरकारी शुल्क नाही. तरीही शेअरांच्या किमतीवर टक्केवारी मागणारे मध्यस्थ पुष्कळ आहेत, आणि भागधारकांची यादी त्यांनाही त्याच सार्वजनिक संकेतस्थळावर मिळते. अनोळखी माणसाचा ‘तुमच्या वडिलांचे शेअर सापडले आहेत’ असा फोन आला, तर कंपनीचे नाव विचारून घ्यावे आणि पुढचा फोन आपण स्वतः त्या कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला करावा. त्याचे नाव आणि संपर्काचा तपशील कंपनीला संकेतस्थळावर द्यावाच लागतो.