व्हॉट्सअ‍ॅप खाते बळकावले गेल्यावर जुन्या चॅटचे काय होते?

व्हॉट्सअ‍ॅपचे खाते मोबाइल क्रमांकाला बांधलेले असते, तर जुने संभाषण त्या क्रमांकाच्या मालकाच्या फोनमध्ये साठवलेले असते. पोहोचलेले संदेश कंपनीच्या सर्व्हरवर ठेवले जात नाहीत. त्यामुळे खाते परक्या माणसाच्या हाती गेले, तरी जुने चॅट आपोआप त्याच्या हाती जात नाहीत. त्याला काय वाचता येईल, हे तो कोणत्या वाटेने आत शिरला यावर ठरते.

पहिली वाट सहा अंकी कोडची. समजा, सांगलीतल्या एका शिक्षिकेला ओळखीच्या क्रमांकावरून संदेश येतो: ‘चुकून तुमच्याकडे एक कोड आलाय, तेवढा पाठवा.’ तो ओळखीचा माणूस आधीच फसलेला असतो आणि त्याच्या नावाने चोर बोलत असतो. कोड मिळताच चोर स्वतःच्या फोनवर बाईंचा क्रमांक नोंदवतो आणि बाईंच्या फोनवरचे व्हॉट्सअ‍ॅप बंद पडते. चोराच्या पडद्यावर बाईंचे ग्रुप दिसतात, त्यातले सदस्य आणि त्यांचे क्रमांक दिसतात. संभाषणाच्या जागा मात्र रिकाम्या असतात. तेव्हापासून येणारे नवे संदेश त्याच्याकडे जातात. जुने कागद मिळवायला तो साधी युक्ती वापरतो: ‘माझा फोन बिघडलाय, आधारचा फोटो पुन्हा पाठव.’ नाव बाईंचेच असल्यामुळे भाऊ किंवा मैत्रीण तो पाठवूनही देते. पैशांची मागणी होते ती याच वाटेने.

जुने चॅट या वाटेने मिळवायचे तर चोराला गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडमधला बॅकअप लागतो, म्हणजे क्रमांकाबरोबर ते दुसरे खातेही फोडावे लागते. 2021 पासून बॅकअपला स्वतंत्र पासवर्ड लावण्याची सोय आहे. तो लावलेला असेल, तर ड्राइव्ह उघडूनही बॅकअप वाचता येत नाही.

दुसरी वाट जास्त घातक आहे, कारण तिचा पत्ताच लागत नाही. चोर बाईंना एखादा क्यूआर कोड स्कॅन करायला लावतो, किंवा जोडणीचा आठ अक्षरी कोड व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकायला लावतो. त्यातून त्याचा संगणक खात्याला जोडला जातो. बाईंचा फोन नेहमीसारखा चालू राहतो. पण जोडलेल्या संगणकावर फोनमधला अलीकडचा बराच इतिहास उतरतो आणि पुढचे संदेशही दोन्हीकडे जातात. बँकेच्या पासबुकाचा फोटो, डॉक्टरांचे रिपोर्ट, घरातली भांडणे असे पूर्वी केव्हातरी पाठवलेले सगळे त्यात येऊ शकते. टेलिग्राममध्ये तर कोडच्या वाटेनेही धोका इतकाच मोठा असतो. तिथले साधे चॅट सर्व्हरवर राहतात आणि नव्या फोनवर लॉगिन होताच समोर येतात. ‘सीक्रेट चॅट’ तेवढे वाचतात.

खाते परत घेताना बाईंनी आपल्या फोनवरचे व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकू नये, कारण जुने चॅट त्यातच आहेत. त्याच अ‍ॅपमध्ये क्रमांक पुन्हा नोंदवून एसएमएसने आलेला नवा सहा अंकी कोड टाकला की चोर बाहेर पडतो. कोडनंतर पिन मागितला आणि तो बाईंनी ठेवलेला नसेल, तर चोराने टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून ठेवलेले असते. अशा वेळी पिनशिवाय आत जायला सात दिवस थांबावे लागते; पण बरोबर कोड टाकला त्याच क्षणी चोर बाहेर गेलेला असतो, म्हणून घाबरून पुनःपुन्हा कोड मागवू नयेत. फार वेळा मागवल्यास काही तास नवा कोडच मिळत नाही.

कोड येतच नसेल, तर दोन शक्यता तपासाव्यात. फोनला नेटवर्कच नसेल, तर कोणीतरी डुप्लिकेट सिम काढलेले असू शकते. मोबाइल कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जाऊन आधी सिम परत मिळवावे. नेटवर्क असेल, पण कॉल येत नसतील, तर ते दुसरीकडे वळवलेले असू शकतात. चोर कोड फोनवरून ऐकण्यासाठी असे करतात. `##002#` डायल केल्यावर कॉल वळवणे रद्द होते.

खाते परत मिळाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Linked devices` उघडावे आणि अनोळखी नोंद दिसली की तिच्यावर बोट ठेवून लॉग आउट करावे. दुसऱ्या वाटेने शिरलेल्या चोराला काढण्यासाठी मुख्य पायरी हीच आहे. त्यानंतर स्वतःचा पिन ठेवावा, आणि तो विसरल्यास उपयोगी पडेल असा ईमेल पत्ता जोडावा.

चोराच्या फोनवर किंवा संगणकावर उतरलेले संदेश मात्र परत येत नाहीत, आणि मधल्या काळात त्याच्या फोनवर पोहोचलेले संदेश बाईंना दिसतही नाहीत. म्हणून नातेवाइकांना आणि ग्रुपना साध्या फोनने कळवावे, त्या काळात कोणी काय पाठवले ते विचारून घ्यावे आणि त्यात बँकेचा तपशील असेल तर बँकेला सांगावे. कोणाचे पैसे गेले असतील, तर 1930 वर लगेच तक्रार करावी. जितका उशीर होतो, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.