शब्द सापडतो, वाक्य हरवतं

उंब्रजला आमच्याकडे इतिहासाच्या एका जुन्या पुस्तकाची एकच प्रत उरली होती. मुलांना त्यात शोधता यावं म्हणून पानं 300 डीपीआयवर स्कॅन केली आणि संगणकाला ही आज्ञा दिली:

```
ocrmypdf -l mar pustak.pdf shodh.pdf
```

यात टेसरॅक्ट हा प्रोग्राम अक्षरं ओळखतो. ओळखलेला मजकूर पानाच्या चित्राखाली अदृश्य थरासारखा बसतो.

‘आदिलशाही’ शोधलं, सापडलं. ‘आदिलशाही दरबार’ मात्र सापडेना. पुस्तकात ‘दरबार’ पुढच्या ओळीवर होतं. मजकूर कॉपी करून वाचला, तेव्हा कारण कळलं. दोन रकान्यांमधली जागा अरुंद होती, म्हणून डावीकडच्या ओळीला उजवीकडची ओळ जोडली गेली होती.

तळटिपांनी वेगळाच घोळ केला. परिच्छेद पुढच्या पानावर गेला, की टीप त्याच्या मधोमध घुसे. शब्दाला चिकटलेला टिपेचा बारीक अंक तर अक्षरच समजला जाई.

शेवटी प्रत्येक रकाना आणि टिपांची पट्टी वेगवेगळी कापून, वाचनाच्या क्रमाने लावून पुन्हा ओसीआर केलं. बारीक टिपांसाठी 400 डीपीआयवर नव्याने स्कॅन घेतलं. आपणही असं काम केलंत, तर प्रत्येक धड्यातला एक परिच्छेद कॉपी करून वाचून पाहा. पान नीट दिसतं म्हणून आतला मजकूर नीट आहे, असं समजू नका.