वरिष्ठांच्या कानउघाडणीच्या ईमेलला उत्तर

वरिष्ठांच्या टीकेच्या ईमेलमध्ये तीन प्रकारची वाक्ये एकमेकांत मिसळलेली असतात: कागद पाहून तपासता येणारी विधाने, कामाबद्दलचे मत आणि पुढे काय करायचे याची सूचना. उत्तर लिहिण्याआधी ती सुटी करावी लागतात. विधान तपासायचे असते आणि सूचना पाळायची असते. मताला मात्र बहुतेक वेळा वेगळे उत्तर लागतच नाही. सगळा ईमेल एकच आरोप समजून वाचला, की उत्तरही एकच बचाव होऊन बसते आणि त्यात मान्य करण्याजोग्या गोष्टीही झाकल्या जातात.

एका छोट्या कारखान्याच्या लेखा विभागातील प्रसंग घेऊन हे नीट पाहता येते. जीएसटीच्या व्यवस्थेत मासिक विवरणपत्र भरणारे पुरवठादार आपली विक्रीची बिले जीएसटीआर-१ मध्ये पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत नोंदवतात. त्यावरून १४ तारखेला खरेदीदारासाठी जीएसटीआर-२बी हे विवरण पोर्टलवर तयार होते. १ जानेवारी २०२२ पासून या विवरणात आलेल्या बिलांवरच खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट घेता येते. नंतर २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरायचे असते. मधल्या दिवसांत खरेदीची नोंदवही आणि २बी यांची जुळणी करणे हे कनिष्ठ लेखापालाचे काम.

समजा, ऑक्टोबरच्या जुळणीचा अहवाल १८ नोव्हेंबरला गेला आणि १९ तारखेला सकाळी व्यवस्थापकांचा ईमेल आला: ‘अहवाल १६ तारखेला हवा होता. नोंदवहीत ६,४२,००० रुपयांचे क्रेडिट आहे, तुमच्या अहवालात ५,३४,०००. १,०८,००० रुपये कुठे गेले? कामाकडे लक्ष दिसत नाही. आजच सुधारित अहवाल पाठवा.’ प्रत संचालकांनाही आहे.

अशा वेळी एक रात्र जाऊ द्यावी, हा नेहमीचा सल्ला इथे उपयोगाचा नाही, कारण मुदत उद्याची आहे. त्याऐवजी दोन ओळींची पोच लगेच द्यावी: ‘ईमेल मिळाला. फरकाची बिले तपासून दुपारी दोनपर्यंत सुधारित अहवाल पाठवतो.’ त्यात खुलासा नसावा आणि दिलगिरीही नसावी. चूक कुठे आहे हे अजून कळलेले नसताना मागितलेली माफी पुढे मागे घ्यावी लागते, आणि तसेच तपासाआधी केलेला इन्कारही अंगाशी येतो. या पोचेमुळे तपासाला वेळ मिळतो. आकड्यांत डोके घातले की मनातला राग बराचसा ओसरतो, हा त्याचा दुसरा फायदा.

आता तपास. फरकाची बिले एकेक करून पाहिल्यावर दोन वेगळी कारणे निघतात. एक लाख रुपयांचे एक बिल २बी मध्ये A/117 या क्रमांकाने आहे, पण नोंदवहीत ते A-117 असे टंकले गेले. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी बिले, म्हणून जुळणीत ते सुटले आणि अठरा टक्क्यांप्रमाणे १८,००० रुपये अहवालातून गळले. ही खरी चूक आहे. उरलेले ९०,००० रुपये दोन पुरवठादारांच्या तीन बिलांवरचे आहेत. पोर्टलवर त्यांचा जीएसटी क्रमांक टाकून पाहिले, तर त्यांनी जीएसटीआर-१ मुदतीनंतर भरल्याचे तारखेनिशी दिसते. ही बिले ऑक्टोबरच्या २बी मध्ये नाहीत, त्यामुळे अहवालात ती वगळली हे बरोबरच झाले. म्हणजे एकाच आकड्यावरच्या टीकेचा काही भाग रास्त आहे आणि मोठा भाग गैरसमजाचा.

उशिराच्या मुद्द्यातही असेच दोन थर आहेत. गोदामातून काही बिले १७ तारखेला आली, हे उशिराचे खरे कारण. पण काम लांबणार हे १६ तारखेलाच दिसत होते आणि ते कळवले गेले नाही. गोदामाचा उशीर कनिष्ठाच्या हातात नव्हता, कळवणे होते. म्हणून मान्य करायचे ते न कळवणे. गोदामाचा उल्लेख एका वाक्यात, दोष न देता केला तर तो माहिती म्हणून वाचला जातो. तोच परिच्छेदाच्या सुरुवातीला आणि विस्ताराने आला, तर सबब म्हणून.

उत्तर असे होते:

‘सर,

सुधारित अहवाल जोडला आहे. या महिन्यात घेता येणारे क्रेडिट ५,५२,००० रुपये आहे.

फरकापैकी १८,००० रुपयांची चूक माझी आहे. A/117 हे बिल नोंदवहीत A-117 असे लिहिले गेल्याने जुळणीत सुटले. ते आता घेतले आहे.

उरलेल्या ९०,००० रुपयांची तीन बिले ऑक्टोबरच्या २बी मध्ये आलेली नाहीत, कारण पुरवठादारांनी जीएसटीआर-१ ११ नोव्हेंबरनंतर भरले. म्हणून ते क्रेडिट या महिन्यात धरलेले नाही. १४ डिसेंबरच्या २बी मध्ये ती बिले पाहून कळवतो. यादी दुसऱ्या पानावर आहे.

अहवाल दोन दिवस उशिरा गेला. काही बिले १७ तारखेला मिळाली, पण उशीर होणार हे मी १६ तारखेलाच कळवायला हवे होते.

पुढच्या महिन्यापासून बिल क्रमांक २बी शी ताडून मगच जुळणी करीन.’

व्यवस्थापकांना सर्वांत आधी हवा आहे तो भरायचा आकडा, म्हणून तो पहिल्या परिच्छेदात. त्यानंतर चुकीची कबुली, आणि मगच खुलासा. हा क्रम उलटला तर ९०,००० रुपयांचे बरोबर स्पष्टीकरणही अंग काढून घेतल्यासारखे दिसते. कबुलीत चुकीचे माप नेमके दिले आहे. ‘काही त्रुटी राहिल्या’ असे मोघम लिहिले असते, तर वाचणाऱ्याने पूर्ण १,०८,००० रुपये त्या त्रुटीत धरले असते. खुलाशात ‘आपल्याला नियम माहीत नसावा’ असा सूर कुठेही नाही. तारीख आणि यादी समोर ठेवली की निष्कर्ष व्यवस्थापक स्वतः काढतात.

‘कामाकडे लक्ष दिसत नाही’ या वाक्याला उत्तर दिलेले नाही. ‘मी नेहमी मन लावून काम करतो’ असे लिहिले, तर चर्चा अहवालावरून माणसावर येते आणि संचालकांसमोर तिथेच रेंगाळते. शेवटच्या ओळीतील बदललेली पद्धत त्या मताला पुरेसे उत्तर देते. संचालकांचे नाव प्रतीत तसेच ठेवावे, कारण आरोप ज्यांनी वाचला त्यांना खुलासाही दिसला पाहिजे. नवे नाव मात्र जोडू नये. गोदाम प्रमुखांना प्रत टाकली, तर ती त्यांची तक्रार ठरते. संबोधनही रोजचेच हवे. एरवी ‘सर’ लिहिणाऱ्याने अचानक ‘माननीय महोदय’ लिहिले, तर त्यातला राग लपत नाही.

पाठवण्याआधी मसुद्यातील प्रत्येक वाक्यासमोर त्याचा कागद ठेवून पाहावा. ज्या वाक्याला कागद सापडत नाही, ते बहुधा रागातून किंवा भीतीतून आलेले असते आणि ते काढल्याने उत्तराचे काही बिघडत नाही. उत्तर मूळ ईमेलच्या दुप्पट लांब झाले असेल, तर खुलासा युक्तिवादाकडे सरकल्याची शक्यता मोठी. अशा वेळी तपशील जोडलेल्या तक्त्यात हलवावा.

उत्तरानंतरही व्यवस्थापक ९०,००० रुपये याच महिन्यात घ्यायला सांगू शकतात. तेव्हा तिसरा ईमेल लिहिण्याऐवजी २बी ची प्रत घेऊन समोरासमोर बोलावे आणि जे ठरेल ते दोन ओळींत ईमेलने कळवून ठेवावे. टीकेत हेतूवरच संशय असेल, किंवा आलेला कागद कारणे दाखवा नोटीस असेल, तर ही रीत पुरत नाही. नोटिशीत मुदत दिलेली असते, तिचे उत्तर सेवा नियमांनुसार आणि मुद्द्याला क्रमांक देऊन द्यावे लागते, आणि त्यातली प्रत्येक कबुली पुढच्या चौकशीत पुरावा म्हणून वाचली जाऊ शकते. म्हणून ते उत्तर जाणकाराला दाखवूनच पाठवावे.