पाकिटावर नाव नसलेली मुलगी

जपानमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची. मार्चमध्ये सहावीचा वर्ग शाळेचा निरोप घेतो, आणि बऱ्याच शाळांत त्या सुमारास एक कार्यक्रम होतो. प्रत्येकानं वीस वर्षांच्या स्वतःला पत्र लिहायचं, पाकीट चिकटवायचं आणि सगळी पाकिटं एका डब्यात घालून मैदानाच्या कडेला पुरायची. वर्ग विशीत पोचला की सगळ्यांनी परत यायचं आणि डबा उकरायचा.

या कालकुप्यांचं वेड तिथं पसरवलं ते १९७० च्या ओसाका प्रदर्शनानं. मात्सुशिता ही कंपनी आणि माइनिची हे वृत्तपत्र यांनी ओसाकाच्या किल्ल्यासमोर स्टीलच्या दोन सारख्याच कुप्या पुरल्या. प्रत्येकीत २०९८ वस्तू. वरची कुपी २००० साली उघडून, तपासून पुन्हा पुरली. खालची उघडायची आहे ६९७० साली. आतली हवा काढून तिथं आरगॉन वायू भरला होता. शाळांनी यातली कल्पना उचलली, आरगॉन मात्र उचलला नाही. त्यांच्याकडे होता झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि कुदळ.

आता अशा एका मुलीचं पत्र डोळ्यांसमोर आणू. मुलगी कल्पनेतली आहे, पण तिच्या पत्राच्या वाटेतले अडथळे सगळे खरे आहेत. १९८५ चा मार्च, वय बारा. तिनं पत्रात काय लिहिलं असेल ते कुणीही सांगेल: मैत्रीण अजून आहे का, दात सरळ झाले का, त्या मुलाला कधी सांगितलंस का. मैत्रिणीचं नाव तिनं लिहिलं नाही, टोपणनाव लिहिलं. त्या मुलाचं तर तेही नाही. वाचणारी आपणच आहोत, मग सांगायचं कशाला? पाकिटावरही तिनं एवढंच लिहिलं: ‘वीस वर्षांच्या मला’.

ती विशीत पोचली १९९३ मध्ये. तोवर डबा पुरणाऱ्या वर्गशिक्षकांची बदली झाली होती, कारण तिथल्या सरकारी शाळांत शिक्षक दर काही वर्षांनी बदलतात. डबा ‘चेरीच्या झाडापासून दहा पावलांवर’ आहे, हे ज्यांच्या डोक्यात होतं ते दुसऱ्या गावी गेले. पुढं ते झाडही गेलं. मुलं टोकियोला, ओसाकाला पांगली. कुणी पुढाकार घेतला नाही आणि डबा तसाच राहिला.

मग शाळाच गेली. जपानमध्ये मुलंच कमी जन्माला येतात. २००२ ते २०२० या काळात तिथल्या आठ हजारांहून अधिक सरकारी शाळा बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळांत विलीन झाल्या. रिकामी इमारत पाडायला यंत्र येतं, माती उपसली जाते आणि फावड्याला डबा लागतो. तो मिळतो कंत्राटदाराच्या माणसाला, तिथून जातो स्थानिक शिक्षण मंडळाच्या कचेरीत, एखाद्या कारकुनाच्या टेबलावर. पत्राचा खरा वाचक तो. मुलगी आता चाळिशीपलीकडे आहे आणि हा माणूस तिला ओळखत नाही.

डबा उघडला की आधी पाणी निघतं. झाकणाचं रबर दहा-पंधरा वर्षांत कडक होऊन चिरतं आणि पावसाळ्यात वर चढलेलं भूजल आत शिरतं. पाणी शिरलं नाही तरी पुरताना कोंडलेली दमट हवा थंडीत आतल्या बाजूला थेंब होऊन साचते. तळाची पाकिटं म्हणूनच सगळ्यांत वाईट अवस्थेत सापडतात. स्केचपेनची शाई पाण्यात विरघळणारी, ती पसरून नुसता रंगीत डाग उरतो. बॉलपेनची तेलकट शाई बरी टिकते. सगळ्यांत शाबूत राहते ती साधी शिसपेन्सिल, कारण तिचं ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. ते पाण्यात विरघळत नाही आणि फिकटही होत नाही. ज्या मुलीनं ‘चांगलं दिसावं’ म्हणून रंगीत पेननं लिहिलं, तिचंच पत्र गेलं, हे मला फार वाईट वाटतं.

अशा वेळी घाईनं पाकिटं सोडवू नयेत. ओला गठ्ठा ओढला की कागदाचा थर दुसऱ्या कागदाला चिकटून निघतो आणि अक्षरं त्याच्याबरोबर जातात. गठ्ठा तसाच गोठवायचा, म्हणजे बुरशी थांबते. मग निर्वात यंत्रात बर्फाची थेट वाफ करून तो वाळवायचा. २०११ च्या त्सुनामीत भिजलेली कागदपत्रं तिथं याच पद्धतीनं वाचवली.

वाळलेलं पाकीट हाती आलं तरी पेच आहेच. दुसऱ्याचं बंद पत्र विनाकारण उघडणं हा जपानी दंडविधानात गुन्हा आहे. पाकिटावर पूर्ण नाव असेल तर ते न फोडता मालकाचा शोध सुरू करता येतो. पण वर फक्त ‘मला’ असेल, तर नाव शोधण्यासाठी आत पाहण्यावाचून गत्यंतर नाही. ज्या मुलीला आपलं पत्र आपल्याखेरीज कुणी वाचू नये असं वाटलं, तिचंच पत्र परका माणूस वाचतो.

नाव सापडलं तरी ती सापडेल असं नाही. जपानी कायद्यानुसार नवरा-बायकोचं आडनाव एकच असावं लागतं, आणि सुमारे ९५ टक्के जोडप्यांत बदलते ती बायको. सहावीतला मुलगा चाळिशीत त्याच नावानं भेटतो. मुलगी माहेरच्या नावासकट नाहीशी होते. आपल्याकडे हे समजावून सांगायला नको. शाळेच्या माजी विद्यार्थिनींची यादी करताना ‘पूर्वाश्रमीची’ हा रकाना घालावा लागतो तो याचसाठी. वर २००५ पासून वैयक्तिक माहितीचा कायदा पूर्ण लागू झाला आणि वर्गाच्या पत्त्या-फोनच्या याद्या वाटायची पद्धत शाळांनी हळूहळू सोडली.

पत्ता किती लवकर म्हातारा होतो, याचा मोठा प्रयोग जपानच्या टपाल खात्यानंच करून ठेवला आहे. १९८५ च्या त्सुकुबा प्रदर्शनात त्यांनी ‘पोस्ट कॅप्सूल २००१’ नावाची पेटी ठेवली. तिच्यात टाकलेलं पत्र २००१ च्या १ जानेवारीला पोचवायचं होतं. सुमारे ३२ लाख पत्रं जमली. अवघ्या १६ वर्षांत पिनकोड सात आकडी झाले, १९९५ च्या भूकंपात कोबेची घरं कोसळली, लोकांनी बिऱ्हाडं हलवली. ज्या गावात प्रदर्शन भरलं ते यातबे गावही १९८७ मध्ये नव्या त्सुकुबा शहरात विरून गेलं. कागद कोरड्या खोलीत उत्तम राहिला होता. पत्ते राहिले नव्हते. पत्रं वाटल्यावर पाचच दिवसांनी ते टपाल मंत्रालयही सरकारच्या फेररचनेत बंद झालं.

आपल्याकडेही शाळांची शताब्दी साजरी होते आणि कुणी तरी कालकुपीची कल्पना मांडतंच. ती जरूर पुरा, पण शिसपेन्सिलीनं लिहून घ्या. पाकिटाच्या बाहेर मुलीचं पूर्ण नाव, आईवडिलांची नावं, तुकडी आणि साल असू द्या. आणि कुणाची पाकिटं कुठं पुरली त्या यादीची एक प्रत डब्यात नको, ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेच्या दप्तरात ठेवा.