फोटोतली बॅट

१८९९मध्ये सुरू झालेल्या 'द कॅप्टन' या इंग्रजी मासिकात पी. जी. वुडहाउसच्या क्रिकेटवेड्या शाळकरी पोरांच्या गोष्टी येत. तशा वळणाची एक खोडी घेऊ: संघाच्या फोटोत प्रतिस्पर्ध्याची बॅट बदलायची.

खोडी साधते, कारण फोटोसाठी बसलेला मुलगा कॅमेऱ्याकडे बघतो, हातातल्या बॅटकडे नाही. पण त्याच्या हाती झाडू दिला तर सगळे तिथेच हसतील आणि गोष्ट संपेल. बदल बेताचा हवा. पूर्ण मापाची बॅट जास्तीत जास्त ३८ इंचांची असते. धाकट्या मुलांची बरीच आखूड. रांगेत इतरांच्या बॅटी गुडघ्याच्या वर दिसतात, याची मात्र खालीच राहते. हे कळतं ते फोटो छापून आल्यावर, आणि तोवर तो शाळेच्या भिंतीवर लागलेला असतो.

लेखकाची खरी कसोटी पुढेच आहे. मूळ बॅट गेली कुठे? तिच्या पात्यावरची दोऱ्याची गुंडाळी वाचकाला आधीच्या सामन्यात दिसलेली हवी. खोडकर पोरगाही त्याच संघात आहे. फोटोत मागच्या रांगेत तो उभा आहे, आणि त्याच्या खांद्यावरच्या बॅटला तोच दोरा आहे.