अरे-तुरेवरून ‘महाराज’पर्यंत

चेखवची ‘जाडा आणि बारका’ ही कथा जेमतेम दोन-तीन पानांची आहे. रशियातल्या निकोलाएव्स्की रेल्वेच्या स्थानकावर शाळेतले दोन मित्र अचानक भेटतात. मिठ्या, डोळ्यांत पाणी, शाळेतली टोपणनावं. बारका उत्साहानं सांगतो, की मी आठव्या श्रेणीचा कारकून झालोय, फावल्या वेळात लाकडी सिगारेट-पेट्या विकतो. मग जाडा सहज बोलून जातो, की तो तिसऱ्या श्रेणीपर्यंत पोचलाय. सरकारी उतरंडीत एकूण चौदा पायऱ्या. बारका पांढराफटक पडतो, आकसून जातो आणि ‘अरे’ सोडून ‘महाराज’ म्हणू लागतो.

१८८३ साली छापलेल्या मूळ कथेत जाडा हा बारक्याचा प्रत्यक्ष साहेबच होता, त्याला झापतही होता. १८८६च्या संग्रहासाठी चेखवनं ते काढून टाकलं. आता जाडा उलट विनवतो, आपण बालमित्र ना! बारक्याला कुणी वाकवत नाही, तो आपणहून वाकतो. माझ्या मते कथा या दुरुस्तीनंच मोठी झाली.

शेवटी जाड्यालाच किळस येते. तो तोंड फिरवून हात पुढे करतो. बारका त्यातली तीन बोटं दाबतो.