सुपाचे आणखी उपयोग

समजा, गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत बाईंनी विचारलं, ‘सुपाचे किती उपयोग सांगता येतील?’ धानाचा मुलूख, त्यामुळे पहिली उत्तरं ठरलेली: धान पाखडणं, तांदूळ निवडणं, वडी वाळत घालणं. मग वर्ग गप्प होतो. बाई ‘शाब्बास’ म्हणून पुढं सरकतात आणि खरी गंमत तिथंच हुकते.

जे. पी. गिल्फर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं अशाच प्रश्नांतून बहुदिश विचार मोजायची रीत रूढ केली. उत्तरं किती आली एवढंच त्यात बघत नाहीत. पाखडणं आणि निवडणं ही दोन उत्तरं झाली, पण दोन्ही धान्याचीच, म्हणून प्रकार एकच. पावसात डोक्यावर धरणं हा दुसरा प्रकार. नाटकात गणपतीचे कान म्हणून दोन सुपं लावणं हे वर्गात एखाद्यालाच सुचलं, तर ते नवं. अर्थात हे नवेपण त्या वर्गापुरतंच.

गिल्फर्ड आणि सहकाऱ्यांना 1957 मध्ये दिसलं, की अशी विरळ उत्तरं बहुधा उशिरा येतात. आधी आठवणीतलं सरतं. शिक्षक मात्र प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात, असं शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना वर्गांतल्या ध्वनिफिती तपासताना आढळलं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात.

‘काहीतरीच काय!’ हा शेरा न थांबण्याहूनही महाग पडतो. तो एकाला ऐकवला, की पुढचे दहाजण पुन्हा धानच पाखडतात.